वॉशिंग मशिनच्या पॅनेलचा फोटो: पर्यायांची मराठी नावे हवी आहेत, आणि 5E दिसत असेल तर मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी काय तपासावे?

रेवा_इंदूर

नमस्कार. आमच्या घरी ७ किलोचे, समोरून दार उघडणारे मशिन आहे आणि त्याला आता सहा वर्षे झाली आहेत. कपडे धुण्याचे काम सासूबाई स्वतः आवडीने करतात. त्यांना इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत, त्यामुळे गोल नॉब "वरून तिसऱ्या खुणेवर" ठेवायचा अशा आठवणीवर त्यांचे काम चालत असे. पॅनेलचा फोटो सोबत जोडला आहे. त्यावरील सर्व पर्यायांची मराठी नावे मिळाली, तर मी छोट्या चिठ्ठ्या लिहून पॅनेलवर चिकटवीन.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. आज सकाळपासून मशिन मध्येच थांबले आहे, दार उघडत नाही आणि आत पाणी व कपडे दोन्ही अडकले आहेत. पडद्यावर काहीतरी चमकते आहे, पण फोटोत केवळ 5 आणि त्यापुढे एक तुटक रेघ आली आहे. मेकॅनिक सोमवारी येतो म्हणाला आहे, आणि दुरुस्ती असो वा नसो, त्याचे येण्याचे पैसे द्यावेच लागतात. तोपर्यंत आम्ही घरच्या घरी काय पाहू शकतो?

सयाजीगंज_बडोदे

ताई, असा आकडा आला म्हणजे पाणी बाहेर टाकणारी मोटर जळाली असे समजावे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झाले होते आणि मोटर बदलावी लागली. तोपर्यंत प्लग काढून १५ मिनिटे थांबा व पुन्हा लावा. आकडा निघून जाईल आणि दार उघडेल.

जुना_कारागीर

मी बडोद्याला २२ वर्षे वॉशिंग मशिनची दुरुस्ती केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी फोटोविषयी. अशा पडद्यावरचे आकडे एकाच वेळी पेटलेले नसतात. ते आळीपाळीने, पण इतक्या वेगाने पेटतात की आपल्या डोळ्यांना सलग दिसतात. मोबाइलचा कॅमेरा मात्र त्यातला एखादा क्षणच पकडतो, म्हणून फोटोत अर्धे अक्षर गायब होते. कृपया पाच-सहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि तो थांबवत थांबवत पाहा, म्हणजे पूर्ण अक्षरे मिळतील. या पडद्यावर प्रत्येक अक्षर सात रेघांनी बनते, त्यामुळे 5 आणि S सारखेच दिसतात, 0 आणि O सारखेच दिसतात, आणि लहान b हा 6 सारखा भासतो. फोनवर मेकॅनिकला "एस ई" सांगितले आणि त्याने दुसराच भाग पिशवीत घालून आणला, असे मी अनेकदा पाहिले आहे.

आता सयाजीगंजकरांच्या सूचनेविषयी. प्लग काढल्याने आकडा जातो हे खरे आहे, आणि काही वेळा दारही उघडते. परंतु पाणी आतच असेल तर दार उघडल्यावर ते जमिनीवर येईल, आणि कारण दूर झालेले नसल्यामुळे पुढच्या वेळी तोच आकडा परत येईल. मोटर जळाली असा निष्कर्ष तर त्या आकड्यावरून निघतच नाही. पाणी बाहेर टाकायला सुरुवात केली, ठरलेला वेळ गेला आणि तरी आतली पातळी खाली आली नाही, एवढेच मशिनला कळते आणि तेवढेच ते सांगते. पाणी का गेले नाही, हे त्याला ठाऊक नसते. कारण फिल्टरमधले नाणे असू शकते, पिळलेला पाइप असू शकतो, जास्त फेस असू शकतो, आणि मोटरही असू शकते.

तुम्ही मला तीन गोष्टी सांगाव्यात, ही विनंती. व्हिडिओत नेमके काय दिसते? पाणी बाहेर टाकण्याची वेळ येते तेव्हा खालून घूं असा आवाज येतो की पूर्ण शांतता असते? आणि पॅनेलवर रिन्स होल्डचा दिवा लागलेला आहे का? हा दिवा लागलेला असेल तर मशिन मुद्दामच पाणी आत धरून ठेवते. तो बिघाड नसतो, पण घाबरलेले लोक त्यासाठीही मेकॅनिकला बोलावतात.

लष्कर_ग्वाल्हेर

माझ्याही मशिनवर असाच आकडा येतो म्हणून विचारतो. रात्री दहाला कपडे टाकतो, एक बटण दाबतो, पडद्यावर 6 येतो, आणि मशिन काहीच करत नाही. पहाटे चारला उठून पाहिले तर ते पाणी टाकून कपडे पिळत होते. मेकॅनिक म्हणतो बोर्ड बदला. हाच बिघाड आहे का?

जुना_कारागीर

काका, कृपया बोर्ड बदलू नका. त्या बटणावर डिले एंड लिहिलेले असेल. या बटणाने काम सुरू होण्याची नव्हे, तर संपण्याची वेळ ठरते. तुम्ही 6 ठेवलेत, म्हणजे आतापासून सहा तासांनी कपडे धुऊन तयार असावेत असे मशिनला सांगितलेत. धुलाई दोन तासांची असेल तर ते चार तास थांबून मगच सुरू होते. रात्री दहाला लावलेले मशिन चारच्या सुमारास काम संपवत होते, म्हणजे ते अगदी बरोबर चालले आहे. काही मशिनवर याच जागी डिले स्टार्ट असते आणि तिथे तो आकडा सुरू होण्याचा असतो, म्हणून एंड आहे की स्टार्ट, हे आधी वाचून घ्यावे.

रेवाताई, तुमच्या चिठ्ठीवर या बटणासाठी "किती तासांनी संपावे" असे लिहा. केवळ "उशिरा" असे लिहिले तर सासूबाईंचा असाच गोंधळ होईल.

रेवा_इंदूर

व्हिडिओ घेतला. पहिल्या चौकटीत 5 स्पष्ट आहे आणि पुढच्या चौकटीत E पूर्ण दिसतो, म्हणजे 5E आहे. रिन्स होल्डचा दिवा लागलेला नाही. मशिन पुन्हा सुरू करून स्पिन लावले, तेव्हा खालून सतत घूं आवाज येतो, पण मोरीत सोडलेल्या पाइपातून पाण्याची बारीक धारसुद्धा येत नाही. पाणी दाराच्या काचेच्या खालच्या कडेपर्यंत आहे. आत एक जाड चादर, चार टॉवेल आणि सासूबाईंची दोन ब्लाउज आहेत.

जुना_कारागीर

ही माहिती फार उपयोगी आहे. 5E, आणि काही नव्या मशिनवर 5C, हा सॅमसंगच्या मशिनमध्ये पाणी बाहेर न गेल्याचा संकेत आहे. हेच एलजीच्या मशिनवर OE असे, बॉशवर E18 असे आणि इलेक्ट्रोलक्सवर E20 असे येते. म्हणून एका कंपनीची यादी दुसऱ्या कंपनीच्या मशिनला लावू नये. तुमच्या मशिनची पुस्तिका हाताशी असेल तर त्या एका ओळीची खात्री करून घ्या.

घूं आवाज येतो, म्हणजे मोटरला वीज मिळते आहे आणि ती फिरण्याचा प्रयत्न करते आहे. पाणी येत नाही, म्हणजे बहुधा वाट अडली आहे किंवा मोटरच्या पंख्यात काहीतरी अडकले आहे. आवाजच आला नसता तर मी तुम्हाला पुढचे काहीही करायला सांगितले नसते, कारण तिथे वायर किंवा मोटर तपासावी लागते आणि ते मीटर असलेल्या माणसाचे काम आहे.

सर्वात आधी मागचा पाइप पाहा. मशिन भिंतीकडे सरकले असेल तर तो मशिन आणि भिंत यांच्यामध्ये दाबला जातो. तो ठीक असेल तर मशिन बंद करून प्लग भिंतीतून काढा. केवळ मशिनचे बटण बंद करणे पुरेसे नाही. गरम पाण्याची धुलाई चालू होती का? असेल तर तासभर थांबा, कारण पाणी अंगावर येऊ शकते.

आता समोर खाली, बहुधा उजव्या कोपऱ्यात, एक चौकोनी झाकण दिसेल. ते नाण्याने किंवा नखाने उघडते. आत एक मोठे गोल बूच असते, तोच फिल्टर, आणि शेजारी बोटाएवढी एक रबरी नळी असते. फिल्टर लगेच फिरवू नका. काचेच्या कडेपर्यंत पाणी आहे म्हणजे आत दहा-बारा लिटर सहज असेल, आणि ते सगळे एकदम स्वयंपाकघरात येईल. नळी बाहेर ओढून तिचे टोपण काढा आणि खाली पसरट भांडे ठेवा. परात किंवा केर भरायची सुपली चालते, कारण बादली तिथे खाली बसत नाही. भांडे भरले की टोपण लावायचे, ओतायचे, पुन्हा काढायचे. दहा-बारा वेळा करावे लागेल. काही मशिनला ही नळी नसते, तेव्हा फिल्टर थोडासाच सैल करून पाणी थेंबाथेंबाने काढावे लागते.

पाणी थांबले की फिल्टर डावीकडे फिरवून बाहेर काढा. त्यावर चिकटलेले धागे आणि केस जुन्या दातांच्या ब्रशने धुवा. पण खरे पाहायचे असते ते फिल्टरच्या मागच्या पोकळीत. टॉर्च लावा. तळाशी छोटा पंखा दिसेल. तो लाकडी काडीने किंवा पेन्सिलीने हळूच फिरवून पाहा. आत चुंबक असल्यामुळे तो झटके देत, अडखळत फिरतो, आणि तसे फिरणे हेच योग्य आहे. अजिबात हलला नाही तर काहीतरी अडकले आहे. काहीही अडथळा न येता भोवऱ्यासारखा गरगर फिरला तर पंखा आतल्या चुंबकापासून सुटला आहे, आणि मग मोटर बदलावी लागते. हे तुम्हाला सोमवारच्या आधीच कळेल, आणि मेकॅनिक योग्य भाग घेऊनच येईल.

परत लावताना फिल्टर पूर्ण आत जाऊन घट्ट बसला पाहिजे. तिरका बसला की पुढच्या धुलाईत झाकणाखालून पाणी गळते, आणि लोकांना वाटते की आणखी एक बिघाड झाला.

सयाजीगंज_बडोदे

माझी मोटर बदलली तेव्हा कोणी फिल्टर उघडून पाहिलेच नव्हते. आता मनात शंका येते. पण काका, आमचे मशिन पूर्ण शांत होते, आवाज येत नव्हता.

जुना_कारागीर

मग तुमच्याकडे मोटरच गेलेली असण्याची शक्यता जास्त आहे, आणि तुमचा मेकॅनिक बरोबर होता. तुमचे आणि रेवाताईंचे प्रकरण एकाच आकड्याची दोन वेगळी कारणे आहेत.

आमराई_बडोदे

विषय निघालाच आहे म्हणून आमची अडचण मांडते. आमच्या मशिनवर 4E येतो. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि गच्चीवरची टाकी आमच्या डोक्यावरच आहे. नळाला पाणी येते, पण मशिन भरता भरता थांबते. मेकॅनिक म्हणतो की पाणी घेणारा व्हॉल्व खराब आहे. पाणी कठीण असल्यामुळे व्हॉल्व जातात, हे खरे आहे का?

जुना_कारागीर

ताई, कठीण पाण्याने व्हॉल्व खराब होतात, पण तुमच्या सांगण्यावरून मला आधी उंचीची शंका येते. अशा मशिनला पाण्याचा किमान दाब लागतो, आणि तो बहुतेक पुस्तिकांत ०.३ ते ०.५ बार असा दिलेला असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण १ बार दाब मिळतो. तुमच्या टाकीचा तळ मशिनच्या नळापासून दोन मीटरच वर असेल तर दाब ०.२ बार इतकाच आहे, आणि नवा व्हॉल्व लावूनही तो वाढणार नाही. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे हेच मशिन त्याच टाकीवर व्यवस्थित चालत असेल, कारण त्यांना तीन मीटर जास्त उंची मिळते.

तरीही पंप बसवण्याच्या आधी एक गोष्ट पाहा. नळ बंद करून मशिनच्या मागचा पाणी घेणारा पाइप सोडा. मशिनच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. ती पकडीने हळूच ओढून बाहेर काढा आणि धुवा. टाकी साफ केल्यानंतर किंवा पाणी गढूळ आल्यानंतर तिथे बारीक वाळू बसते. दाब कमी असताना ती थोडीशी तुंबलेली जाळीही पुरेशी ठरते. जाळी धुऊनही 4E आला तर टाकीची उंची मोजून मला कळवा.

रेवा_इंदूर

सर्वांचे आभार. माझे यजमान आणि मी दोघांनी मिळून केले, आणि त्यात पाऊण तास गेला. पाइप दबलेला नव्हता. नळीतून चौदा वेळा परात भरली. फिल्टर सहा वर्षांत कधीच उघडलेला नव्हता, त्यामुळे तो इतका घट्ट बसला होता की रबरी मोजा घालून फिरवावा लागला. त्यावर धाग्यांचा लगदा होता. मागच्या पोकळीतून ब्लाउजचे दोन हूक, एक रुपयाचे नाणे, केसांचा एक रबर आणि एक सेफ्टी पिन निघाली. पंखा आधी हलतच नव्हता, कारण एक हूक त्याच्या पात्यांत उभा अडकला होता. तो चिमट्याने काढल्यावर पंखा तुम्ही सांगितल्याप्रमाणे झटके देत फिरला. त्यानंतर काही न टाकता स्पिन लावले तर पाण्याची जोरदार धार आली. सासूबाईंनी मेकॅनिकला फोन करून सोमवारी येऊ नका असे सांगितले.

ब्लाउजचे हूक तुटून आत जाऊ नयेत म्हणून काय करावे?

माईंची_लेक

ताई, मी ब्लाउज नेहमी हूक लावून, उलटे करून, जाळीच्या छोट्या पिशवीत घालते. उशीचा जुना अभ्रा गाठ मारूनही चालतो. अंतर्वस्त्रांनाही हेच करावे, कारण त्यांची तार निघाली तर ती ड्रमच्या छिद्रातून आत जाऊ शकते, आणि ते फिल्टरपेक्षा फार वाईट ठिकाण आहे.

मी शाळेत मराठी शिकवत होते, म्हणून नावांचे काम माझ्याकडे द्यावे. फोटोवरून मी असे करीन. कॉटन म्हणजे सुती, सिंथेटिक्स म्हणजे कृत्रिम धागे, डेलिकेट्स म्हणजे नाजूक, वूल म्हणजे लोकर, क्विक १५ म्हणजे झटपट, रिन्स आणि स्पिन म्हणजे विसळ आणि पिळ, टब क्लीन म्हणजे टाकी सफाई, आणि कॉटन इको म्हणजे सुती बचत.

जुना_कारागीर

आपले शब्द उत्तम आहेत, तरी दोन-तीन ठिकाणी मला वेगळे सुचवावेसे वाटते, कारण सासूबाई ते वाचून निर्णय घेणार आहेत.

कॉटन म्हणजे केवळ सुती कपडे असे कोणी समजू नये. हा सर्वात जोरदार पर्याय आहे: ड्रम जोरात फिरतो, पिळणे वेगवान असते आणि ड्रम बऱ्यापैकी भरता येतो. चादरी, टॉवेल, रोजचे मळके कपडे यांसाठी तो आहे. आपली सुती साडी किंवा महेश्वरी तिथे टाकली तर धाग्याच्या दृष्टीने बरोबर असूनही ती साडी खराब होईल. म्हणून चिठ्ठीवर "चादरी, टॉवेल, रोजचे जाड कपडे" असे लिहावे. सिंथेटिक्सला मी "टेरिकॉट, शर्ट-पँट" म्हणेन. तिथे वेग कमी असतो म्हणून सुरकुत्या कमी पडतात, आणि त्यात ड्रम अर्धाच भरावा लागतो. तुमच्या मशिनच्या पुस्तिकेत नेमके किलो दिलेले असतात. डेलिकेट्सला "नाजूक, थोडेच कपडे" असे लिहा, कारण तिथे कपडे फार झाले तर ड्रममध्ये फिरायला जागाच राहत नाही.

टब क्लीनला "टाकी सफाई" लिहिले तर सासूबाईंना गच्चीवरची टाकी आठवेल. "ड्रम सफाई, कपडे टाकू नयेत" हे बरे. कॉटन इकोला वेळ जास्त लागतो, कारण वीज वाचवण्यासाठी पाणी कमी गरम करून धुणे लांबवलेले असते. त्या चिठ्ठीवर "वीज कमी, वेळ जास्त" असे असेल तर मशिन अडकले असा समज होणार नाही.

साबणाच्या खणाकडेही लक्ष द्यावे. तिथे I आणि II असे दोन खण आणि फुलाचे एक चिन्ह असते. I हा आधीच्या धुलाईचा खण आहे, आणि ती धुलाई निवडलेली नसेल तर त्या खणातली पावडर तशीच राहते. रोजची पावडर II मध्ये घालायची. फुलाचे चिन्ह कपडे मऊ करणाऱ्या द्रवासाठी आहे.

माईंची_लेक

"टेरिकॉट" हा शब्द आता कोणाला कळेल का? माझ्या सुनेला कळणार नाही. "कृत्रिम धागे" हे अधिक स्पष्ट वाटते, आणि शब्द एकदा शिकवला की लक्षात राहतो.

रेवा_इंदूर

सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, टेरिकॉट हे त्यांच्या तरुणपणचे कापड आहे, तेच लिही. मी दोन्ही लिहिले, कारण मी गावाला गेले तर यजमानांना ते वाचावे लागेल.

लष्कर_ग्वाल्हेर

माझा प्रश्न सुटला, रेवाताई. मी "संपण्याची वेळ" अशी चिठ्ठी लावली आहे. बोर्डाचे पैसे वाचले. आता विचारायचे असे की पडद्यावर किल्लीचे चिन्ह आले आणि बटणे चालत नाहीत, ते काय असते?

जुना_कारागीर

किल्ली किंवा कुलूप हे लहान मुलांनी बटणे दाबू नयेत म्हणून ठेवलेले कुलूप आहे. काही मशिनवर त्यासाठी CL असे दिसते. ज्या दोन बटणांच्या मध्ये किंवा खाली ते चिन्ह छापलेले असेल, ती दोन्ही एकत्र तीन सेकंद दाबून धरा. तो बिघाड नाही.

आमराई_बडोदे

जाळी काढली, त्यात खरोखर वाळू होती. धुऊन लावल्यावर मशिन एकदा पूर्ण चालले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी अर्धी रिकामी होती तेव्हा पुन्हा 4E आला. टाकीच्या तळापासून नळापर्यंत यजमानांनी मोजले, १.८ मीटर आहे.

जुना_कारागीर

म्हणजे टाकी भरलेली असताना पाण्याच्या पातळीमुळे थोडा दाब वाढत होता आणि मशिन कसेबसे भरत होते. व्हॉल्व बदलायला सांगणाऱ्या मेकॅनिकला हे माप दाखवा. नळ आणि मशिन यांच्यामध्ये बसणारा छोटा दाब वाढवणारा पंप मिळतो. टाकी उंच करता येत असेल तर तो आणखी चांगला उपाय आहे, कारण पंपाची दुरुस्ती आणि वीज दोन्ही टळते. तरीही व्हॉल्व सुस्थितीत आहे असे मी इथून ठामपणे सांगू शकत नाही.

रेवा_इंदूर

दोन आठवड्यांनी परत लिहिते आहे. मशिन नऊ वेळा बिनतक्रार चालले. काल दोन जाड चादरी एकत्र टाकल्यावर पिळण्याच्या वेळी पुन्हा 5E आला. यावेळी पाइपातून पाणी येत होते, पण हळूहळू. फिल्टर पाहिला, फार थोडा धागा होता आणि पंखा झटके देत नीट फिरतो. पावडर नेहमीचीच, हाताने धुण्याची, दोन मोठे चमचे. न्हाणीघराच्या जाळीवर फेस चढून आला होता.

माईंची_लेक

तो फेसच आहे, ताई. हाताने धुण्याची पावडर समोरच्या दाराच्या मशिनला चालत नाही. तिला फार फेस येतो.

जुना_कारागीर

ही शक्यता मलाही वाटते. पंप पाणी ढकलतो, फेस नीट ढकलू शकत नाही, म्हणून पाणी मागे राहते आणि पातळी उतरत नाही. पण मोरीची जाळी भरून येते आहे, हेही महत्त्वाचे आहे. मोरीचाच पाइप हळू वाहत असेल तर मशिनमधून आलेले पाणी तिथे साठते, आणि मशिनचा पाइप त्या पाण्यात बुडाला तर त्याचा वेग आणखी मंदावतो.

हे वेगळे करून पाहता येते. काहीही कपडे न घालता, पावडर न टाकता, मशिनचा पाइप मोठ्या बादलीत सोडा. पाइपाचे टोक मशिनच्या मागच्या क्लिपच्या उंचीएवढेच वर ठेवा आणि एक रिन्स-स्पिन चालवा. बादली भरत आली की ती बदलायला कोणीतरी जवळ असावे. बादलीत पाणी जोरात आले तर मशिन निर्दोष आहे आणि तुमची मोरी किंवा पावडर यांपैकी एक कारण आहे. बादलीतही हळू आले तर पंपाच्या पुढच्या पाइपात, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या भागात, अजून काहीतरी आहे, आणि तेव्हा मात्र मेकॅनिक बोलवा.

आणखी एक खूण सांगतो. ड्रम पूर्ण रिकामा असताना, पाण्याचा थेंब नसताना 5E आला, तर पाण्याची पातळी सांगणारी बारीक हवेची नळी तुंबलेली असते किंवा तिचा सेन्सर बिघडलेला असतो. तिथे घरी हात घालू नये. मशिनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा घरातले एमसीबी पडले, तरीही लगेच प्लग काढा आणि पुन्हा लावू नका.

सयाजीगंज_बडोदे

ताई, मोरी हळू वाहत असेल तर मशिनचा पाइप वॉश बेसिनमध्ये टांगून ठेवा. आम्ही तसेच करतो.

जुना_कारागीर

पाइप नीट बांधलेला असेल तर चालेल. सुटला तर सारे पाणी जमिनीवर येईल. मी शक्यतो मोरीच साफ करून घ्यायला सांगेन, पण घर ज्याचे त्याने ठरवावे.

रेवा_इंदूर

बादलीची चाचणी रविवारी करीन, तेव्हा नर्मदेचे पाणी यायचा दिवस आहे, म्हणून टाकी भरलेली असेल. पावडर मात्र आजच बदलली. सासूबाईंनी नव्या पुड्यावर लिहिलेला चमचा मोजून घेतला, एक छोटा चमचा निघाला, आणि त्यांना तो फार कमी वाटतो आहे.